कॅशलेस दावा आणि प्रतिपूर्ती दावा

कॅशलेस दावा आणि प्रतिपूर्ती दावा या भारतातील आरोग्य विम्याची रक्कम मिळविण्याच्या दोन पद्धती आहेत. कॅशलेस पद्धतीत विमा कंपनी मान्य रक्कम थेट रुग्णालयाला देते. प्रतिपूर्ती पद्धतीत विमाधारक आधी बिल भरतो आणि नंतर कागदपत्रे सादर करून पैसे परत मिळवितो. कॅशलेस या नावावरून रुग्णाला काहीच द्यावे लागत नाही असा समज होतो. तो बरोबर नाही. दोन्ही पद्धतींत पॉलिसी तीच, देय रक्कम ठरविण्याचे नियमही तेच असतात. फरक पडतो तो पैसे तोवर कोणी उभे करायचे आणि कागद कोणी जमवायचे, एवढ्यातच.

या लेखातील उदाहरणे 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीच्या अटींवर आधारलेली आहेत. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने तिची शब्दरचना ठरवून दिली असून ती १ एप्रिल २०२० पासून उपलब्ध झाली. इतर पॉलिसींतील मुदती थोड्याफार वेगळ्या असू शकतात.

कॅशलेस दाव्याची प्रक्रिया

कॅशलेस सुविधा मुख्यतः विमा कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयांत, म्हणजे नेटवर्क रुग्णालयांत मिळते. रुग्णालयाच्या विमा कक्षात पूर्वमंजुरीचा अर्ज भरला जातो. त्याचा एक भाग रुग्ण किंवा नातेवाईक भरतात. निदान, प्रस्तावित उपचार व अंदाजे खर्च हा भाग उपचार करणारे डॉक्टर भरतात. सोबत विम्याचे ओळखपत्र, छायाचित्रासह ओळखीचा पुरावा, भरतीचा सल्ला देणारी चिठ्ठी आणि तपासणी अहवाल जोडतात. हा अर्ज रुग्णालय विमा कंपनीकडे, किंवा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या त्रयस्थ प्रशासकाकडे (टीपीए) पाठविते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची सूचना भरतीपूर्वी किमान ४८ तास द्यावी, तर तातडीच्या भरतीची सूचना २४ तासांत किंवा रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी, यांपैकी जे आधी असेल तेव्हा द्यावी, अशी अट असते.

प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या मुख्य परिपत्रकानुसार पूर्वमंजुरीचा निर्णय अर्ज मिळाल्यापासून एका तासात, आणि अंतिम मंजुरी रुग्णालयाची डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत द्यावयाची आहे. तीन तासांपेक्षा उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावल्यास तो विमा कंपनीने सोसावयाचा आहे. असे असूनही सकाळी घरी जाण्यास परवानगी मिळालेला रुग्ण संध्याकाळपर्यंत खाटेवर थांबलेला आढळतो. डॉक्टरांच्या परवानगीनंतर न वापरलेली औषधे परत करणे, डिस्चार्ज सारांश टंकलिखित होणे व अंतिम बिल तयार होणे यांत काही तास जातात, आणि तीन तासांची मोजणी ही कागदपत्रे विमा कंपनीकडे पोहोचल्यावरच सुरू होते. विलंब कोठे होत आहे हे ओळखण्यासाठी अंतिम बिल किती वाजता पाठविले, हे विमा कक्षात विचारणे पुरेसे असते.

पूर्वमंजुरी नाकारली जाणे म्हणजे दावा नाकारला जाणे नव्हे. उपलब्ध कागदांवरून खात्री पटली नाही, तर कंपनी कॅशलेस सुविधा नाकारते. उपचार पूर्ण करून त्याच आजारासाठी प्रतिपूर्तीचा दावा करण्याची मुभा पॉलिसीच्या अटींतच दिलेली असते. ही तरतूद ठाऊक नसल्याने अनेक कुटुंबे नकारानंतर बिले जपून ठेवीत नाहीत.

प्रतिपूर्ती दाव्याची कागदपत्रे

प्रतिपूर्तीत कागद जमविण्याची जबाबदारी विमाधारकावर येते. भरलेला दावा अर्ज, भरतीचा सल्ला देणारी चिठ्ठी, बाबवार तपशील असलेली मूळ बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्ज सारांश, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह तपासणी अहवाल ही मुख्य कागदपत्रे होत. शस्त्रक्रिया झाली असल्यास तिची नोंद किंवा शल्यचिकित्सकाचे प्रमाणपत्र लागते. शरीरात जाळी, लेन्स किंवा स्टेंट बसविला असल्यास त्याच्या वेष्टनावरील स्टिकर किंवा खरेदीचे बिल द्यावे लागते. अपघात असल्यास वैद्यकीय-कायदेशीर अहवाल, पैसे बँकेत जमा होण्यासाठी रद्द केलेला धनादेश, आणि दाव्याची रक्कम एक लाख रुपयांहून अधिक असल्यास ग्राहक ओळखीची कागदपत्रे जोडतात. बिल आणि पावती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ बिल दिल्याने पैसे भरल्याचे सिद्ध होत नाही.

मूळ कागद दुसऱ्या विमा कंपनीकडे आधीच दिलेले असल्यास त्या कंपनीने साक्षांकित केलेल्या प्रती व तिच्या निर्णयाचे पत्र चालते. म्हणून सर्व कागदांची एक प्रत स्वतःजवळ ठेवणे आवश्यक ठरते.

एक उदाहरण

पाच लाख रुपयांची, सलग चार वर्षे नूतनीकरण केलेली पॉलिसी असलेल्या व्यक्तीची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आणि बिल १,२०,००० रुपये झाले, असे समजू. हर्नियासाठी असलेला दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ संपलेला आहे. खोलीचे भाडे दिवसाला ४,००० रुपये, म्हणजे ५,००० रुपयांच्या मर्यादेत आहे. (मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास केवळ भाडेच नव्हे, तर इतर संबंधित खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात.) हातमोजे, नोंदणी शुल्क यांसारख्या अमान्य बाबी ६,००० रुपयांच्या आहेत. उरलेल्या १,१४,००० रुपयांवर पाच टक्के सहभाग विमाधारकाचा, म्हणजे ५,७०० रुपये. कंपनी १,०८,३०० रुपये देते आणि विमाधारकाला ११,७०० रुपये भरावे लागतात. कॅशलेस पद्धतीत तो एवढीच रक्कम भरून घरी जातो. प्रतिपूर्तीत त्याला आधी पूर्ण १,२०,००० रुपये उभे करावे लागतात.

आता प्रतिपूर्तीचा कालक्रम पाहू. डिस्चार्ज १० जूनला झाला असल्यास कागदपत्रे ३० दिवसांत, म्हणजे १० जुलैपर्यंत देता येतात. विमाधारकाने ती १८ जूनला दिली. २ जुलैला कंपनीने जाळीचा स्टिकर मागितला, आणि आजार केव्हापासून आहे याबद्दल भरतीच्या नोंदीत 'दोन महिने' व डिस्चार्ज सारांशात 'दोन वर्षे' असे का लिहिले आहे, याचा डॉक्टरांकडून खुलासा मागितला. दोन्ही कागद १२ जुलैला पोहोचले. पॉलिसीत निर्णयासाठी ३० दिवस दिले असतील, तर ते 'शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून' मोजले जातात. त्यामुळे मुदत १८ जुलैला नव्हे, ११ ऑगस्टला संपते. अलीकडच्या पॉलिसींत ही मुदत १५ दिवसांचीही आढळते. आपल्या प्रतीत छापलेली मुदत प्रमाण मानावी. मुदत उलटल्यास बँक दराहून दोन टक्के अधिक दराने व्याज देय होते.

आजाराच्या कालावधीतील अशी विसंगती हे दावे अडकण्याचे नेहमीचे कारण आहे. पॉलिसी घेण्यापूर्वीचा आजार लपविला होता काय, ही शंका तिच्यातूनच निघते. डिस्चार्ज सारांश रुग्णालय सोडण्यापूर्वी वाचला, तर चूक तेथेच दुरुस्त करून घेता येते. नंतरच्या दुरुस्तीकडे कंपनी संशयाने पाहते.

भरतीपूर्वीचा व नंतरचा खर्च

भरतीपूर्वीचे ३० दिवस व डिस्चार्जनंतरचे ६० दिवस यांतील, त्याच आजारासाठी झालेला तपासणी व औषधांचा खर्च मिळतो. भरती कॅशलेस झाली असली तरी हा भाग सामान्यतः प्रतिपूर्तीनेच मागावा लागतो, आणि कॅशलेस रुग्ण तो बहुधा सोडून देतात. वरील उदाहरणात ६० दिवस ९ ऑगस्टला संपतात. उपचार तोवर चालू राहिल्यास नंतरच्या खर्चाची बिले पुढील १५ दिवसांत, म्हणजे २४ ऑगस्टपर्यंत द्यावी लागतात. सोनोग्राफी व औषधांचे ९,००० रुपये झाले असतील, तर सहभाग वजा जाता ८,५५० रुपये मिळतात.

तक्रार

दावा नाकारल्यास किंवा कमी दिल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करतात. महिनाभरात उत्तर न आल्यास, किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास, एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाकडे शुल्क नाही व वकिलाची गरज नसते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपालाची कार्यालये आहेत. गोव्यातील तक्रारी पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतात.