बाळाचं डोकं एका बाजूला चपटं: झोपण्याच्या सवयीमुळे, की कवटीची शिवण लवकर जुळल्यामुळे?

अकीकाच्या दिवशी बाळाचं मुंडण होतं आणि घरातल्या सगळ्यांना डोक्याचा खरा आकार पहिल्यांदा दिसतो. कुणी म्हणतं डोकं लांबट आहे, कुणी म्हणतं मागून चपटं आहे, आणि नानी लगेच मोहरीची उशी शिवायला घेते. बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. पण अडीच हजार बाळांत साधारण एक बाळ असं असतं की त्याच्या कवटीची एक शिवण वेळेआधी जुळलेली असते. त्या बाळाला उशी कामाची नाही, मालिश कामाची नाही, त्याला सर्जन लागतो आणि तोही लवकर.

सिरोंच्यासारख्या ठिकाणी हा फरक घरीच ओळखता येणं फार उपयोगाचं आहे. इथून गडचिरोली किंवा चंद्रपूर गाठायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. काही घरं नदीवरचा पूल ओलांडून तेलंगणात मंचेरियल, वरंगलकडे जातात. तान्हं बाळ घेऊन उगाच एवढा प्रवास कोणी करू नये, आणि जिथे गरज आहे तिथे चार महिने वाट बघत बसू नये.

कवटी एकसंध का नसते

जन्मताना बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात. त्यांच्यामध्ये शिवणी असतात आणि पुढे मऊ टाळू असते. याच शिवणींमुळे हाडं एकमेकांवर सरकून बाळ जन्मवाटेतून बाहेर येतं. म्हणून पहिल्या आठवड्यात डोकं लांबट दिसणं, बोटाला कंगोरा लागणं हे नेहमीचं आहे. अकीका सातव्या दिवशी असेल तर त्या दिवशी दिसणाऱ्या आकारात जन्माच्या वेळचा दाब अजून शिल्लक असू शकतो. तो काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निवळतो.

यानंतर दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. हाड मऊ असल्यामुळे बाळ एकाच बाजूवर पडून राहिलं तर ती बाजू दबते. शिवणी उघड्याच असतात, फक्त आकार बदलतो, आणि मेंदूला त्याने इजा होत नाही. याला डॉक्टर पोझिशनल प्लॅजिओसेफली म्हणतात. दुसऱ्या प्रकारात एखादी शिवण आईच्या पोटातच हाडाने बंद होते. मेंदू वाढत असतो, पण त्या जागी कवटी रुंदावत नाही, मग ती दुसऱ्या दिशेला वाढते. याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात. आईने ग्रहणात काही कापलं किंवा कुशीवर झोपली म्हणून हे होत नाही, एवढं घरातल्या मोठ्यांना आवर्जून सांगा.

पहिला प्रश्न: कधीपासून?

जन्मतः डोकं बरं होतं आणि महिना-दीड महिन्याने एक बाजू चपटी दिसायला लागली, तर ते जवळजवळ नेहमी झोपण्याच्या सवयीचं असतं. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते सर्वात जास्त दिसतं, मग बाळ पालथं पडायला, बसायला लागलं की हळूहळू सुधारतं. शिवण बंद असेल तर वेडावाकडा आकार जन्मापासून असतो आणि दर महिन्याला वाढतच जातो.

आठवणीवर मात्र विसंबू नका, घरात प्रत्येकाची आठवण वेगळी असते. मुंडण झाल्यावर मोबाईलवर वरून एक फोटो काढा: बाळ मांडीवर बसवून धरलेलं, नाक सरळ पुढे, फोन बरोबर डोक्याच्या वर. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीच्या दिवशी तसाच फोटो काढा. हे चार फोटो डॉक्टरसमोर ठेवले तर अर्धं निदान तिथेच होतं.

दुसरा प्रश्न: वरून बघितल्यावर कान आणि कपाळ कुठे?

उजवी मागची बाजू चपटी आहे असं समजा. दोन्ही तर्जनी बाळाच्या दोन्ही कानांमागे हलकेच टेकवा आणि वरून बघा. उजवा कान डाव्यापेक्षा पुढे गेलेला आणि उजवं कपाळही थोडं पुढे आलेलं असेल, तर सगळी उजवी बाजू मागून ढकलल्यासारखी पुढे सरकली आहे. वह्यांची चवड एका बाजूने ढकलली की तिरकी होते, तसा हा आकार. हे झोपण्याचं लक्षण.

चपट्या बाजूचा कान उलट मागे आणि खाली गेलेला, त्याच्या मागच्या हाडाला फुगवटा, आणि कपाळ पुढे न आलेलं, असं असेल तर मागची शिवण बंद असण्याची शंका घ्यावी. हा प्रकार सर्वात दुर्मिळ आहे.

समोरून बघायलाही विसरू नका. एका बाजूचं कपाळ चपटं, त्या बाजूची भुवई वर चढलेली, एक डोळा मोठा वाटतो, नाकाचं मूळ त्या बाजूला ओढलेलं, तर ती कपाळाच्या बाजूची शिवण. इथे त्या बाजूचा कानही पुढे असू शकतो, म्हणून नुसता कान बघून निकाल देऊ नका, कान आणि कपाळ एकत्र बघा. कपाळाच्या मधोमध धारदार कंगोरा, वरून डोकं त्रिकोणी, डोळे जवळजवळ, ही मधल्या शिवणीची खूण. (नुसता बारीक कंगोरा असेल आणि डोकं त्रिकोणी नसेल तर तो बऱ्याचदा निरुपद्रवी असतो.) आणि डोकं अरुंद, पुढे-मागे होडीसारखं लांब, मधोमध वरून जाणारी उठलेली रेघ, हा शिवण बंद होण्याचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार. यात डोकं एका बाजूला चपटं नसतंच, त्यामुळे घरचे "आजोबांवर गेलंय" म्हणून सोडून देतात.

दोन गोष्टींवरून फसगत होते. टाळू उघडी आहे म्हणजे शिवणी ठीक आहेत, असं नाही. टाळू मऊ असतानाही एक शिवण बंद असू शकते. तसंच डोक्याचा घेर टेपने बरोबर भरला म्हणूनही निश्चिंत होता येत नाही, कारण एक शिवण बंद असताना घेर बहुधा नॉर्मलच राहतो.

एक उदाहरण पूर्ण बघू

अडीच महिन्यांचं बाळ, पहिलंच, उजवीकडे मागून चपटं. अकीकाच्या फोटोत डोकं गोल. दीड महिन्याच्या फोटोत थोडा फरक, आता स्पष्ट. उजवा कान पुढे, उजवं कपाळ पुढे, भुवया सारख्या. डॉक्टरने कॅलिपरने दोन तिरकी मापं घेतली, एक १२.६ सेंटिमीटर, दुसरं ११.८. फरक ८ मिलिमीटर. दोन-तीन मिलिमीटरचा फरक कुणाच्याही डोक्यात सापडतो, बारा-पंधरा म्हणजे बराच झाला. हे मधलं आहे आणि सगळ्या खुणा झोपण्याकडे बोट दाखवतात. एक्स-रे नाही, सीटी स्कॅन नाही. तान्ह्याला सीटीचं रेडिएशन विनाकारण देऊ नये, ते ऑपरेशनचा विचार असेल तेव्हाच.

आता कारण शोधायचं. बाळाच्या डाव्या हाताला भिंत, उजवीकडे खोली, दार आणि अम्मी. साहजिकच बाळ दिवसभर उजवीकडे बघतं. उपाय साधा: जिथे पाय होते तिथे डोकं करा. आता भिंत उजवीकडे आली आणि बाळ डावीकडे वळायला लागलं. दूध पाजताना, कडेवर घेताना बाजू बदला. बाळ जागं असताना आणि कुणी समोर बसलेलं असताना पोटावर ठेवा, सुरुवातीला तीन-चार मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, मग वाढवत जा.

पण डावीकडे मान वळवताना ते रडत असेल किंवा मान अर्ध्यावर अडत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. असं चपट्या डोक्याच्या बाळांमध्ये पुष्कळदा दिसतं. फिजिओथेरपिस्टकडून ताण देण्याची पद्धत शिकून घ्यावी लागते. यूट्यूब बघून मान ओढू नका.

मोहरीच्या उशीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशी नकोच, मोहरीची नको आणि बाजारात मिळणारी मध्ये खड्डा असलेलीही नको. तोंड-नाक दबून श्वास अडण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या अशा उशा वापरू नका असं जाहीर सांगितलं. आणि चपटेपणा टाळायला बाळाला पालथं झोपवणंही चूक. झोप पाठीवरच, पालथं फक्त जागेपणी. मालिश करताना डोकं तळहातांनी दाबून "गोल" करू नये, दबलेलं हाड त्याने भरून येत नाही.

मोठ्या शहरातल्या काही दवाखान्यांत हेल्मेट सुचवलं जातं, खर्चही मोठा असतो. नेदरलँड्समध्ये मध्यम आणि बऱ्याच चपट्या डोक्याच्या ८४ बाळांवर अभ्यास झाला, २०१४ मध्ये तो छापून आला. पाच-सहा महिन्यांपासून हेल्मेट लावलेल्या आणि न लावलेल्या बाळांत दोन वर्षांच्या वयाला फरक आढळला नाही. फारच जास्त वाकडेपणा असलेली आणि मान आखडलेली बाळं त्या अभ्यासात नव्हती, त्यांच्याबद्दल डॉक्टर वेगळा विचार करू शकतात.

शिवणीची शंका असेल तर

इथे वयाला किंमत आहे. दुर्बिणीने, लहान छेदातून होणारं ऑपरेशन साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत चांगलं जमतं. त्यानंतर मोठं ऑपरेशन लागतं, ते सहसा सहा महिने ते वर्षभराच्या दरम्यान करतात. म्हणून दीड महिन्याच्या लसीलाच शंका बोलून दाखवा.

आशाताई बाळंतपणानंतर ४२ व्या दिवसापर्यंत घरी येतात. नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने उभी केली, पुढे ती देशभर गेली. त्यांना फोटो दाखवा. ग्रामीण रुग्णालयातून किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. ऑपरेशनसाठी न्यूरोसर्जन लागतो, म्हणजे नागपूरचं मेडिकल किंवा एम्स. निघण्यापूर्वी रेशन कार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि ते चार फोटो बरोबर घ्या, आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

बाळ शांत असताना, उभं धरल्यावरही टाळू फुगलेली आणि ताठ लागते, वारंवार जोराने उलट्या होतात, बाळ सुस्त आहे, डोळे सतत खाली ओढल्यासारखे दिसतात किंवा डोक्याचा घेर झपाट्याने वाढतोय, तर मग चिठ्ठीची वाट बघू नका, त्याच दिवशी १०८ ला फोन करा. आकार कसाही असो, चार महिने पूर्ण होऊनही बाळ मान धरत नसेल तर तेही वेगळं तपासून घ्या, कारण मान न धरणारं बाळ जास्त वेळ पडून राहतं आणि चपटं डोकं हा त्याचा परिणाम असू शकतो.