दे हास–व्हान आल्फेन परिणाम

अतिशीत धातूवरील चुंबकीय क्षेत्र वाढवत नेले असता तिच्या चुंबकनात होणारी आंदोलने. डब्ल्यू. जे. दे हास आणि पी. एम. व्हान आल्फेन यांनी १९३० मध्ये लायडन येथे बिस्मथच्या स्फटिकात ती प्रथम पाहिली.

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन वर्तुळाकार फिरतात आणि त्यांना ठरावीक ऊर्जापातळ्याच मिळतात. क्षेत्र वाढवताना या पातळ्या एकामागून एक फेर्मी ऊर्जा ओलांडतात. प्रत्येक ओलांडणीबरोबर चुंबकनाचे एक आंदोलन पूर्ण होते. आलेख क्षेत्र B ऐवजी 1/B शी काढल्यास आंदोलने समान अंतरावर येतात. लार्स ऑन्सागर यांनी १९५२ मध्ये दाखवले, की त्यांची वारंवारता F ही क्षेत्राला लंब असलेल्या फेर्मी पृष्ठाच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या, A च्या, प्रमाणात असते:

F = (ħ/2πe) A

सर्वांत मोठे व सर्वांत लहान छेदच दिसतात. इतरांची आंदोलने परस्परांना रद्द करतात.

तांब्यात क्षेत्र [१११] दिशेत ठेवल्यास दोन वारंवारता मिळतात: सुमारे ५८,००० टेस्ला आणि सुमारे २,२०० टेस्ला. पहिली फेर्मी पृष्ठाच्या फुगीर ‘पोटा’ची, दुसरी शेजारच्या पृष्ठांना जोडणाऱ्या ‘माने’ची. म्हणजे मानेचा छेद पोटाच्या सुमारे सत्ताविसाव्या भागाएवढा असतो. स्फटिक फिरवून मोजत गेल्यास संपूर्ण पृष्ठाचा आकार उभा करता येतो.

१० टेस्लाला पोटाचे एक आंदोलन केवळ ०.००१७ टेस्लात संपते. नमुन्यावरील क्षेत्र तेवढे विषम असल्यास ते पुसले जाते. तापमान साधारण १ केल्व्हिनपर्यंत उतरवावे लागते. अशुद्धी जास्त असल्यास इलेक्ट्रॉन फेरी पूर्ण होण्याआधीच विखुरतात आणि आंदोलने क्षीण होतात.