दावा-निपटारा प्रमाण व नेटवर्क रुग्णालये (आरोग्य विमा)

आरोग्य विम्याची पॉलिसी घेण्यापूर्वी कंपन्यांची तुलना करताना ग्राहकापुढे मुख्यतः दोन आकडे येतात. विमा कंपनीकडे आलेल्या दाव्यांपैकी किती दाव्यांचे पैसे दिले गेले, त्याची टक्केवारी म्हणजे दावा-निपटारा प्रमाण. बोलण्यात ‘क्लेम सेटलमेंट रेशो’. ज्या रुग्णालयांशी कंपनीचा थेट करार असतो आणि जिथे रुग्णाला बिल आधी स्वतः न भरता कॅशलेस उपचार मिळतात, ती नेटवर्क रुग्णालये. कशाला कशाने भागले आहे हे कळल्याशिवाय पहिल्या आकड्यावर विसंबू नये. दुसरा आकडा देशभराचा असतो आणि रुग्ण एका तालुक्यात राहतो. ही नोंद भारतातील मेडिक्लेम पॉलिसींपुरती आहे. जीवन विम्यात मृत्यूचा दावा सहसा पूर्ण रकमेने मंजूर होतो किंवा पूर्ण नाकारला जातो, त्यामुळे तिथले ९८-९९ टक्के प्रमाण आरोग्य विम्याच्या प्रमाणाशेजारी ठेवून पाहता येत नाही.

समजा, एका कंपनीकडे वर्षाच्या सुरुवातीला २,००० दावे प्रलंबित होते आणि वर्षभरात ४८,००० नवे आले. एकूण ५०,००० दाव्यांपैकी ४१,००० दाव्यांचे पैसे दिले, ४,५०० नाकारले, २,००० फायली कागदपत्रे पूर्ण झाली नाहीत म्हणून पैसे न देता बंद केल्या आणि २,५०० वर्षअखेर प्रलंबित राहिले. एकूण दाव्यांशी तुलना केली तर प्रमाण ८२ टक्के येते. फक्त नव्या दाव्यांनी भागले तर ते ८५ टक्क्यांच्या वर जाते. प्रलंबित आणि बंद फायली दोन्ही वगळून फक्त ‘दिले’ आणि ‘नाकारले’ एवढेच धरले, तर तीच कंपनी ९० टक्क्यांची होते. यात एकही आकडा खोटा नाही. म्हणून जाहिरातीतील टक्केवारीखाली बारीक अक्षरांत छापलेली ओळ आधी वाचावी, आणि दोन कंपन्यांची तुलना करायची तर दोघींचे प्रमाण एकाच पद्धतीने स्वतः काढावे. पैसे न देता बंद केलेल्या फायलींकडे विशेष लक्ष द्यावे. त्या नाकारलेल्या दाव्यांत मोजल्या जात नाहीत, रुग्णाच्या हातात मात्र दोन्हीकडे सारखेच काही पडत नाही.

टक्केवारी दाव्यांच्या संख्येची आहे की रुपयांची, हा याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या (आयआरडीएआय) २०२३-२४ च्या वार्षिक अहवालानुसार सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपन्यांनी सुमारे २.६९ कोटी आरोग्य दाव्यांचे पैसे दिले. एकूण दाव्यांच्या हे ८२ टक्क्यांहून थोडे अधिक होते. मागितलेल्या सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांपैकी मात्र सुमारे ८३,५०० कोटी रुपयेच, म्हणजे सुमारे ७१ टक्के, दिले गेले. संख्या आणि रक्कम यांच्यातील ही अकरा टक्क्यांची तफावत मोठी आहे. तिचे एक मुख्य कारण म्हणजे अंशतः मंजूर झालेला दावाही संख्येच्या हिशोबात पूर्ण ‘एक’ धरला जातो.

अशी कपात कशी होते, ते एका बिलावरून कळेल. तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. रुग्णाने पाच दिवस ६,००० रुपयांची खोली घेतली. बिल २,७५,००० रुपयांचे झाले: खोली ३०,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर व शुश्रूषा मिळून १,२०,०००, औषधे व शरीरात बसवलेले साहित्य १,१०,०००, आणि पॉलिसीत न बसणाऱ्या किरकोळ वस्तू १५,०००. खोलीचे निम्मेच पैसे मिळतात, हे कुटुंबाला अपेक्षित असते. पण खोली दुप्पट भाड्याची घेतल्यामुळे डॉक्टर, थिएटर व शुश्रूषेच्या रकमेलाही त्याच प्रमाणात कात्री लागते. नियमानुसार औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीतून सुटतात. हाती येतात १५,०००, ६०,००० आणि १,१०,००० मिळून १,८५,००० रुपये. उरलेले ९०,००० रुपये घरातून जातात आणि कंपनीच्या वहीत हा दावा ‘मंजूर’ म्हणून नोंदला जातो. म्हणून ९५ टक्क्यांच्या कंपनीची खोलीभाड्याला मर्यादा असलेली पॉलिसी ही ८८ टक्क्यांच्या कंपनीच्या मर्यादा नसलेल्या पॉलिसीपेक्षा महाग पडू शकते.

टक्केवारी कोणत्या ग्राहकांची आहे, हेही पाहावे लागते. नोकरदारांना मालकाकडून मिळणाऱ्या समूह पॉलिसींत जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ बहुधा नसतो, प्रस्ताव अर्जात आजार लपवल्याचा वाद उद्भवत नाही आणि मालकाचा व्यवसाय हातचा जाऊ नये म्हणून कंपनीही ताणून धरत नाही. वैयक्तिक पॉलिसीत यातले काहीच नसते. समजा, ‘अ’ कंपनीकडे आलेल्या एक लाख दाव्यांपैकी ७०,००० समूह पॉलिसींचे आहेत. त्यांतले ९२ टक्के मंजूर झाले, उरलेल्या ३०,००० वैयक्तिक दाव्यांपैकी ७२ टक्के. एकूण प्रमाण ८६. ‘ब’ कंपनीकडे २०,००० समूह दाव्यांपैकी ९० टक्के आणि ८०,००० वैयक्तिक दाव्यांपैकी ८० टक्के मंजूर झाले. एकूण प्रमाण ८२. तक्त्यात ‘अ’ वर दिसते, पण घरासाठी स्वतः पॉलिसी घेणाऱ्याला ‘ब’ आठ टक्क्यांनी बरी. कंपनीचा व्यवसाय कुठे झुकलेला आहे हे जनरल इन्शुरन्स कौन्सिलच्या मासिक आकडेवारीतून कळते. तीत आरोग्य विम्याचा हप्ता वैयक्तिक, समूह आणि सरकारी योजना असा वेगळा दाखवलेला असतो. समूह आणि सरकारी योजनांचा वाटा मोठा असेल, तर एकूण टक्केवारीवरून स्वतःच्या दाव्याचा अंदाज बांधू नये.

हे आकडे मिळवायला एजंटावर अवलंबून राहावे लागत नाही. प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर ‘पब्लिक डिस्क्लोजर्स’ या भागात दर तिमाहीला ठरावीक तक्ते प्रसिद्ध करावे लागतात. सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपन्यांच्या बाबतीत एनएल-३७ मध्ये आलेले, दिलेले, नाकारलेले, बंद केलेले व प्रलंबित दावे असतात. एनएल-३९ मध्ये दावा किती दिवसांत निकाली निघाला ते, आणि एनएल-४५ मध्ये तक्रारींचा हिशोब. मार्चअखेरचा तक्ता संपूर्ण वर्षाचा असतो, म्हणून तोच घ्यावा आणि मागच्या तीन वर्षांचा एकत्र पाहावा. एखादे चांगले वर्ष योगायोगाने येते. तीन वर्षे सतत वाढणाऱ्या बंद फायली किंवा तक्रारी सहसा योगायोगाच्या नसतात.

याच कागदांत आणखी एक प्रमाण दिसते आणि ते दावा-निपटारा प्रमाणच आहे असे अनेकांना वाटते. जमा हप्त्यातील दर शंभर रुपयांमागे दाव्यांवर किती खर्च झाले, ते सांगणारे हे ‘इन्कर्ड क्लेम्स रेशो’. २०२३-२४ मध्ये सरकारी कंपन्यांचे हे प्रमाण आरोग्य विम्यात शंभराच्या वर होते, तर केवळ आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांचे सुमारे ६५. शंभराच्या वर असलेली कंपनी उदार असेलच असे नाही. तिचे हप्ते अपुरे असू शकतात आणि पुढे ते वाढण्याचा संभव असतो. ६५ वाली कंपनी दावे नाकारतेच असेही नाही, कारण नव्याने जोडलेले अनेक ग्राहक अजून प्रतीक्षा काळात असले तरी प्रमाण खाली राहते.

नेटवर्कचा आकडा वाचण्याची रीत वेगळी आहे. ‘१४,००० रुग्णालये’ या बेरजेत डोळ्यांची, दातांची, प्रसूतीची, एक दिवसाच्या उपचारांची लहान केंद्रेही येतात. कराडमध्ये राहणाऱ्या आणि सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या कुटुंबाला या बेरजेचा उपयोग नाही. त्यांनी तीन नावे काढावीत: रात्री छातीत दुखू लागले तर ज्या रुग्णालयात नेतील ते, नेहमीचे डॉक्टर जिथे दाखल करतात ते, आणि मोठ्या आजारासाठी पुणे किंवा कोल्हापुरात जिथे जातील ते. दोन कंपन्यांच्या यादीत ही तीन नावे शोधली की तुलना संपत आली. नाव शोधताना शाखेचा पत्ता ताडून पाहावा. एकाच नावाच्या दोन शाखांपैकी एकच करारात असते, असे पुष्कळदा घडते. विमा माहिती ब्युरोच्या ‘रोहिणी’ नोंदणीत प्रत्येक रुग्णालयाला तेरा अंकी क्रमांक असतो. नावाचा घोळ त्याने मिटतो.

यादीत नाव सापडले तरी काम अर्धेच झाले. दरांवरून वाद झाला की रुग्णालय कॅशलेस थांबवते आणि यादी मागाहून बदलते. रुग्णालयातील टीपीए डेस्कला फोन करून कंपनीचेच नव्हे, पॉलिसीचेही नाव सांगून विचारावे की सध्या कॅशलेस चालू आहे का आणि अनामत किती घेता. पॉलिसीचे नाव सांगायचे कारण असे की काही स्वस्त पॉलिसींना कंपनीच्या पूर्ण यादीऐवजी छोटी यादी लागू असते, आणि त्याबाहेर उपचार घेतल्यास ठरावीक टक्के रक्कम रुग्णाला भरावी लागते. विभागवार हप्ता असलेल्या पॉलिसींत हाच धोका दुसऱ्या वाटेने येतो. कराडचा पत्ता दिल्याने हप्ता कमी बसतो. पण उपचार पुण्या-मुंबईत झाले तर काही पॉलिसींत को-पेमेंट लागू होते. मोठ्या आजारासाठी शहर गाठणाऱ्या कुटुंबाने हे कलम सही करण्यापूर्वी वाचायलाच हवे.

जानेवारी २०२४ मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ सुरू केल्यापासून यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येते. ठरवून होणाऱ्या उपचारांसाठी ४८ तास आधी, आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवावे लागते. रुग्णालयाची तयारी मात्र लागतेच, आणि करारातील ठरलेले दर तिथे नसल्याने बिल वाढते. २९ मे २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि घरी सोडताना अंतिम बिलावर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो; उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची.

नेटवर्कइतकीच दुसरी यादी पाहावी, ती वगळलेल्या रुग्णालयांची. गैरव्यवहाराच्या संशयावरून कंपनीने बाद ठरवलेली नावे तिच्या संकेतस्थळावर असतात. अशा ठिकाणी कॅशलेस तर नाहीच, आधी स्वतः भरलेल्या बिलाची भरपाईही मिळत नाही. अपवाद जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा किंवा अपघाताचा. तिथेही रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच खर्च कंपनी देते, त्यापुढचा नाही. घराजवळचे एखादे रुग्णालय एका कंपनीच्या या यादीत असेल आणि दुसरीच्या नसेल, तर टक्केवारीतील दोन-चार अंकांच्या फरकापेक्षा निवड ठरवायला ही गोष्ट अधिक वजनाची आहे.