शस्त्रक्रियेची तारीख अचानक मिळाली तर

हर्नियासारख्या पूर्वनियोजित शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्या रुग्णांपैकी कोणाची शस्त्रक्रिया रद्द झाली, तर ती वेळ यादीतील पुढच्या रुग्णाला फोनवरून देऊ केली जाते. उत्तरासाठी थोडाच वेळ मिळतो, कारण नकार आल्यास त्यानंतरच्या रुग्णालाही तयारी करून वेळेत पोहोचता आले पाहिजे.

समजा, दुपारी चारला फोन आला, "उद्या सकाळी आठला शस्त्रक्रिया आहे, साडेचारपर्यंत कळवा." उपाशी राहण्याइतका वेळ हाताशी आहे. खरी अडचण औषधांची असते. रुग्ण वॉरफॅरिन घेत असेल, तर रक्तस्राव टाळण्यासाठी ते सहसा पाच दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावे लागते. ते न सांगता दिलेला होकार सकाळी तपासणीत अडकतो, शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि ती वेळ कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

म्हणून फोनवरच चालू औषधांची नावे सांगा; ताप किंवा खोकला असेल तर तोही सांगा. नाही म्हणावे लागले, तर यादीतला क्रमांक कायम राहतो का, हे विचारून घ्या. फोन येईल या आशेने मात्र रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.