मुदतसमाप्तीचे पत्र : तारखा आणि देणी

निश्चित मुदतीचा करार म्हणजे ज्याच्या अंताची तारीख आरंभीच ठरलेली असते असा सेवाकरार. त्या तारखेनंतर नवा करार न करणे म्हणजे नूतनीकरणाचा अभाव. सेवा मध्येच खंडित करणे हे मालकाचे कृत्य होय. मुदत संपणे हा कराराचाच परिणाम होय. औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने मुदतसमाप्ती छाटणीच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे, ती याच भेदामुळे.

यावरून पत्राचे स्वरूप निश्चित होते. ते निर्णय लादत नाही, ठरलेल्या तारखेची सूचना देते. म्हणून त्यात ‘आपणांस कमी करण्यात येत आहे’ असे लिहू नये. ‘आपला करार दि. ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपत असून त्याचे नूतनीकरण होणार नाही’ एवढे पुरे. कामातील उणिवांचा उल्लेख विशेष घातक असतो. एकदा ठपका आला की समाप्ती शिक्षेसारखी दिसू लागते, आणि चौकशीविना शिक्षा का दिली, हा प्रश्न उभा राहतो. सौजन्यासाठी स्तुतीचीही गरज नाही. माणसाला पुढची सोय पाहता येईल इतक्या आधी पत्र देणे हेच सौजन्य.

तारखा तीन : पत्राची, अखेरच्या कामाच्या दिवसाची आणि देणी मिळण्याची. तिसरी बहुधा गाळली जाते व तिच्या जागी ‘यथावकाश’ हा शब्द येतो.

देण्यांसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. करार १ जानेवारी २०२६ ते ३१ डिसेंबर २०२७. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून मासिक २६,००० रुपये. शिल्लक रजा १३ दिवस. पत्र १ डिसेंबरचे. डिसेंबरचे वेतन २६,०००. महिन्याचे २६ दिवस धरल्यास रजेचे १३,०००. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाइतकी : २६,००० ला २६ ने भागून १५ व २ ने गुणल्यास ३०,०००. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याने अशा करारास पाच वर्षांची अट राहिली नाही. जुन्या सवयीने हिशेब करणारे कार्यालय नेमकी हीच रक्कम विसरते. एकूण ६९,०००. भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० आणि व्यवसायकराचे २०० वजा जाता देय ६७,०००. प्राप्तिकर लागू असल्यास वेगळा.

उपदानास ३० दिवसांची मुदत आहे. वेतनाबाबत वेतन संहिता बडतर्फी, छाटणी, राजीनामा यांस दोन कामाचे दिवस देते. मुदतसमाप्तीसही तोच नियम लावणे योग्य. म्हणून पत्रात लिहावे : वेतन व रजेची रक्कम ३ जानेवारी २०२८ पर्यंत, उपदान ३० जानेवारी २०२८ पर्यंत. ‘सर्व रक्कम मिळाली’ ही सही पैसे खात्यात जमा होण्यापूर्वी मागू नये.

१ जानेवारीला त्याच माणसाला नव्या कराराविना कामावर घेतले, तर पत्र निरर्थक ठरते.