एक अक्षर वाढले की : वारजे, वारकरी आणि शब्दांच्या साखळीचा जुना खेळ

खडकवासल्याहून पुण्याकडे येणाऱ्या मुठेच्या काठी वारजे आहे. एके काळचे हे गाव आज महानगरपालिकेचा भाग आहे. बसच्या पाटीवर ‘वारजे माळवाडी’ असे लिहिलेले असते. त्यातील पहिल्या नावातून शेवटचे अक्षर काढले तर ‘वार’ उरतो. आणखी एक काढले तर ‘वा’ उरतो, आणि तोही अर्थपूर्ण आहे : दाद देतानाचा ‘वा!’ किंवा संस्कृतातील ‘अथवा’ या अर्थाचा ‘वा’. उलट क्रमाने वाचल्यास वा, वार, वारजे अशी साखळी तयार होते. प्रत्येक पायरीवर एकच अक्षर वाढते, आधीची अक्षरे आपला क्रम सोडत नाहीत आणि प्रत्येक वेळी नवा शब्द जन्मतो. नवे अक्षर आरंभी, मध्ये वा शेवटी कोठेही बसवता येते.

कठोर पंच मात्र ही साखळी नाकारतील, कारण अशा कोड्यांत विशेषनामे सहसा चालत नाहीत. तेव्हा ‘वार’पासून दुसरी वाट शोधावी लागते. ‘वार’च्या पुढे ‘क’ ठेवला की ‘वारक’ होतो, म्हणजे अडवणारा, दूर सारणारा. हा शब्द बोलण्यात क्वचितच येतो. पण ‘निवारक’ म्हटले की तो लगेच ओळखीचा वाटतो. ‘वारक’च्या आधी ‘नि’ घातल्यास ‘निवारक’ मिळतो. शेवटी ‘री’ घातल्यास मिळतो ‘वारकरी’. वा, वार, वारक, वारकरी. या शब्दाची खरी व्युत्पत्ती ‘वारी करणारा’ अशी आहे आणि तिचा ‘वारक’शी काही संबंध नाही. साखळीला त्याचे सोयरसुतक नसते. ती केवळ अक्षरे पाहते.

परंतु ‘एक अक्षर’ म्हणजे नेमके किती? रोमन लिपीत प्रश्न सरळ आहे, कारण तेथे व्यंजन आणि स्वर एकापुढे एक सुटे मांडले जातात. देवनागरीत ‘री’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण त्यात ‘र्’ आणि ‘ई’ असे दोन वर्ण आहेत. ‘स्त्री’ हे एकच अक्षर, आणि त्यात चार वर्ण. शिवाय काना, वेलांटी, उकार आणि अनुस्वार यांचे काय करायचे? त्यांची भर घातली तर एक अक्षर वाढले असे म्हणायचे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर भारतीयांनी हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या काळात बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहिली. तिच्या नावावरूनच मराठीत या वाङ्मयप्रकाराला कादंबरी म्हणतात. तिच्या आरंभी शूद्रक राजाच्या मनोरंजनांचे वर्णन येते, आणि त्यात अक्षरच्युतक व मात्राच्युतक हे दोन खेळ वेगवेगळे सांगितले आहेत. ‘च्युत’ म्हणजे गळलेले. पहिल्यात अख्खे अक्षर गळते, दुसऱ्यात केवळ स्वराची खूण. नवव्या शतकातील काश्मिरी पंडित रुद्रट याने आपल्या ‘काव्यालंकारा’त बिंदुच्युतकाचाही उल्लेख केला, म्हणजे केवळ अनुस्वार गाळण्याचा. त्याने हेही बजावले की हे सारे प्रकार क्रीडेपुरते आहेत. पुढे धारच्या भोजराजाने ‘सरस्वतीकंठाभरणा’त प्रहेलिकांचे सहा प्रकार मांडले, आणि त्यांत च्युताक्षरासोबत दत्ताक्षरही आले. दत्ताक्षर म्हणजे अक्षर घालण्याचा खेळ. तिसरा प्रकार दोन्हींचा मिळून होता : एक अक्षर काढायचे आणि त्याच्या जागी दुसरे घालायचे.

त्या खेळात साखळी नव्हती, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. तेथे एकच पायरी असे, पण ती सबंध श्लोकावर परिणाम करी. अक्षर गाळण्यापूर्वी श्लोकाचा एक अर्थ लागे, गाळल्यावर दुसरा, आणि कोणते अक्षर हलवायचे हे ऐकणाऱ्याने ओळखायचे. मराठीत त्याची कल्पना अशी करता येईल. ‘पहिलवानाने रोज कसर केली’ हे वाक्य घ्यावे. अर्थ असा की तो अंग चोरून वागला. आता एका शब्दाला ‘त’ द्यावा : ‘पहिलवानाने रोज कसरत केली.’ एका अक्षराने आळशी माणूस कष्टाळू झाला. येथेच मागे एक पाऊल टाकले आणि ‘कसर’मधील ‘स’ काढला, तर ‘कर’ उरतो. कर, कसर, कसरत ही तीन कड्यांची साखळी आपोआप हाती येते.

मराठी कवींनाही अक्षरांशी असे खेळण्याची आवड होती. पन्हाळ्यावर जन्मलेले आणि बारामतीत स्थिरावलेले मोरोपंत (१७२९–१७९४) यांच्या नावावर परंपरा एकशे आठ रामायणे सांगते. त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. ओठ मिटून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे तेथे वर्ज्य. ‘म’ वर्ज्य म्हटल्यावर ‘राम’ हे नावही वर्ज्य झाले. ज्याची कथा सांगायची त्याचेच नाव उच्चारायचे नाही! अक्षर वाढवण्याच्या नेमके उलट असे हे कौशल्य, पण अक्षर मोजण्याची शिस्त तीच.

बाण आणि रुद्रट यांनी केलेली विभागणी मराठीवर तंतोतंत बसते. मात्रेचा खेळ खेळायचा तर ‘नर’ला काना द्यावा, ‘नार’ होते. तिला वेलांटी द्यावी, ‘नारी’ होते. अक्षरांची संख्या दोनच राहिली, अर्थ मात्र दोनदा पालटला. बिंदूचा खेळ त्याहून चिमुकला : खत आणि खंत, गज आणि गंज, पत आणि पंत, रग आणि रंग. शेतकरी हाती खत घेऊन निघतो आणि वर एक टिंब पडताच खंत करीत बसतो. अक्षर, मात्रा आणि बिंदू हे तिन्ही एकाच कोड्यात मिसळले की भांडण ठरलेले. त्यामुळे कोडे घालणाऱ्याने आधीच सांगितले पाहिजे की मोजायचे काय.

बिंदूच्या खेळाला मराठीत एक वेगळाच फटका बसला, आणि तो लेखनाच्या नियमांनी दिला. जुन्या मराठीत ‘नांव’ म्हणजे संज्ञा आणि ‘नाव’ म्हणजे होडी. ‘पांच’ ही संख्या आणि ‘पाच’ हे हिरवे रत्न. या अनुस्वारांचा स्पष्ट उच्चार राहिला नव्हता. ते मूळ शब्दातील लुप्त नाकवर्णाची आठवण म्हणून लिहिले जात. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या आणि १९६२ मध्ये शासनाने स्वीकारलेल्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून वगळले. लिहिणाऱ्यांचे ओझे हलके झाले हे खरेच, आणि तो निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पण त्या दिवसापासून ‘नाव’ला टिंब देऊन दुसरा शब्द करता येईना, होडी आणि संज्ञा एकाच रूपात विलीन झाल्या. त्यामुळे जुन्या छापील पुस्तकाच्या आधारे रचलेली कडी आजच्या वाचकाला चूक वाटू शकते. वाद उद्भवला तर कोडे आणि कोश एकाच लेखनपद्धतीचे आहेत ना, हे आधी पाहावे.

मग साखळी कोठून आली? मराठी घरांत भेंड्यांची साखळी जुनीच आहे, पण तेथे केवळ शेवटचे अक्षर पुढे जाते, बाकीचा शब्द मागे पडतो. शब्दाचा सांगाडा टिकवून पायरीपायरीने पुढे जाण्याचा खेळ लोकप्रिय केला लुईस कॅरलने. ‘ॲलिस’च्या या कर्त्याने १८७७ च्या नाताळात, करमणुकीला काही नाही म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठी तो रचला आणि मार्च १८७९ पासून तो लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये कोडे म्हणून छापून येऊ लागला. त्याच्या मूळ खेळात अक्षर वाढत नसे, बदलत असे. ‘हेड’पासून ‘टेल’पर्यंत, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत, त्याने चार मधले शब्द घालून मजल मारली : हील, टील, टेल, टॉल. ही साखळी देवनागरीत लिहिली की गंमत होते. ‘सांगणे’ या अर्थाचा ‘टेल’ आणि ‘शेपटी’ या अर्थाचा ‘टेल’ एकसारखेच दिसतात, आणि मधली कडी शेवटच्या कडीवर येऊन बसते. कॅरलचा खेळ लिपीशी बांधलेला होता. तो जसाच्या तसा मराठीत आणता येत नाही. अक्षर वाढवण्याचा प्रकार मात्र सहज येतो, कारण आपल्याकडे दत्ताक्षराने त्याची जमीन आधीच नांगरून ठेवली होती.

अशी साखळी सोडवण्याची खरी युक्ती म्हणजे ती शेवटाकडून सोडवणे. ‘वारक’ हाती आहे आणि पुढचा शब्द शोधायचा आहे असे समजावे. तीन अक्षरांच्या शब्दात नवे अक्षर बसवायला चार जागा असतात. चौतीस व्यंजनांची बाराखडी धरली तर प्रत्येक जागेसाठी चारशे आठ अक्षरे. म्हणजे जोडाक्षरे आणि सुटे स्वर सोडूनही एक हजार सहाशे बत्तीस शक्यता तपासाव्या लागतील. इंग्रजीत हीच संख्या चार गुणिले सव्वीस, म्हणजे केवळ एकशे चार. आता उलट बाजूने पाहावे. ‘वारकरी’त अक्षरे चारच. ‘वा’ काढल्यास ‘रकरी’, ‘र’ काढल्यास ‘वाकरी’, ‘क’ काढल्यास ‘वाररी’, आणि ‘री’ काढल्यास ‘वारक’. चारांपैकी एकच जिवंत राहतो, आणि वाट सापडते. वर चढताना जंगल लागते. उतरताना चार पायवाटा.

ही उलट तपासणी डोळ्यांची फसवणूकही उघडी पाडते. वर, वरण, आवरण या साखळीच्या पुढे ‘अनावरण’ घालण्याचा मोह अनेकांना होतो. ‘ना’ तर एकच अक्षर वाढले, असे वाटते. पण ‘अनावरण’मधून ‘ना’ काढल्यास ‘अवरण’ उरते आणि ‘अ’ काढल्यास ‘नावरण’. ‘आवरण’ कोठेच मिळत नाही, कारण मूळचा ‘आ’ हा ‘ना’च्या कान्यात विरघळला आहे. नकारार्थी ‘अन्’ जोडताना दोन वर्ण वाढले आहेत. संधी झालेला शब्द साखळीत असा दगा देतो.

मराठीतील देखण्या साखळ्यांपैकी एक नकारापासूनच सुरू होते : न, मन, गमन, आगमन. प्रत्येक पायरीला अक्षर पुढच्या बाजूस जोडले आहे, आणि नकारातून मन, मनातून जाणे, जाण्यातून येणे असा अर्थही गोल फिरतो. पाचवी कडी हवी असेल तर ‘आ’ आणि ‘ग’ यांच्यामध्ये ‘वा’ घालावा : आवागमन. हिंदीत हा शब्द सर्रास चालतो. मराठी खेळात तो मान्य करायचा की नाही, यावर पंचांचे एकमत होणे कठीण. ज्याच्या हातात कोश असेल त्याचाच निर्णय चालतो.