सत्ताविसाव्या वर्षी बी.ए.

परवा शनिवारी मित्राच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला वराळ्याला गेलो होतो. तळेगाव स्टेशनला लोकलमधून उतरलं की रिक्षाने थोडंसंच अंतर. कॉलेजची चार वर्षं ह्याच भागात काढली आहेत, त्यामुळे रस्ता पायाखालचा. तेव्हा जिथे भातखाचरं होती तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि त्यातल्या एका टॉवरच्या सातव्या मजल्यावर माझ्या रूम-पार्टनरचा टू-बीएचके. बाल्कनीतून इंद्रायणीपलीकडे भंडाऱ्याचा डोंगर दिसतो. जिलबीच्या ताटावर बसल्या बसल्या मी बॅचचा हिशोब मांडला. एक जण सिअॅटलला, एकाचं स्वतःचं स्टार्टअप, तिघांना मुलं झालीत. आणि मी, एकोणतीस पूर्ण, भाड्याच्या घरात, 'सिनियर' ह्या शब्दापाशी तीन वर्षं अडकलेला.

मित्राच्या आईंनी प्रेमानेच विचारलं, "तुझं काय चाललंय रे बाळा?" आता ह्या प्रश्नाला काय उत्तर देणार? "चाललंय काकू," म्हणालो आणि मठ्ठा मागून घेतला.

ह्या प्रकाराला इंग्रजीत 'क्वार्टर-लाइफ क्रायसिस' म्हणतात. अलेक्झांड्रा रॉबिन्स आणि अॅबी विल्नर ह्या दोघींनी 2001 साली ह्याच नावाचं पुस्तक काढलं आणि शब्द रुळला. त्यामुळे आपल्याला वाटतं की ही आपल्याच पिढीची भानगड, लिंक्डइन आणि व्हॉट्सअॅपची देणगी. पण परतीच्या लोकलमध्ये माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न घोळत होता. 'मागे पडलो' असं म्हणायचं तर आधी एक रांग लागते. ही रांग आपल्याकडे लागली कधी?

रांग म्हणजे बॅच. जुन्या पंतोजीच्या शाळेत बॅच नव्हती. पोराला जेव्हा आणून बसवलं तेव्हा त्याची शाळा सुरू, अक्षर आणि हिशोब आला की संपली. सात वर्षांचा आणि बारा वर्षांचा एकाच पडवीत बसायचे. तुलना तेव्हाही होतीच, पण ती भाऊबंदांत, वतनावरून, जमिनीवरून. 'तुझ्या वयाचे सगळे कुठे पोचले बघ' ह्या वाक्याला लागणारं सामानच नव्हतं: एकच परीक्षा, एकच दिवस, आणि निकालाची छापील यादी.

हे सामान 1857 साली मुंबई विद्यापीठाबरोबर आलं. पहिली मॅट्रिक 1859 ची, आणि पहिले बी.ए. 1862 चे. मोजून चार जण: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आता गंमत बघा. त्या वर्षी रानडे होते वीस वर्षांचे आणि भांडारकर चोवीस पूर्ण, पंचविसाव्यात. एकाच यादीत जवळपास साडेचार वर्षांचं अंतर! पण भांडारकर 'लेट' आहेत असं कोण म्हणणार? त्यांच्या आधी कुणी पासच झालं नव्हतं. लेट ठरायला आधी 'वेळेवर' ठरावं लागतं, आणि पहिल्या बॅचला ते ठरलेलं नसतं.

ते ठरलं हळूहळू, आणि त्यात सरकारी नोकरीच्या वयोमर्यादेचा हात मोठा. 1869 सालची एक केस ह्यासाठी फार बोलकी आहे. त्या वर्षी लंडनला आयसीएसच्या परीक्षेत चार हिंदी तरुण पास झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपल्या मुंबईकडचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यातल्या बॅनर्जी आणि ठाकूर ह्या दोघांची नावं वयाच्या कारणावरून कापली गेली. मर्यादा होती एकवीस. बॅनर्जींच्या मॅट्रिकच्या कागदावर 1863 साली वय लिहिलं होतं सोळा. त्यावरून हिशोब केला तर 1869 मध्ये ते एकविसाच्या पुढे जात होते.

प्रत्यक्षात दोघंही वयात बसत होते. घोळ होता मोजण्याचा. आपल्याकडे 'सोळावं लागलं' की सोळा सांगायची पद्धत, इंग्रजांकडे सोळा पूर्ण झाल्यावर सोळा. प्रोग्रॅमर मंडळी हसतील, पण ही चक्क ऑफ-बाय-वनची चूक आहे! एक बाजू एकपासून मोजते, दुसरी शून्यापासून. प्रकरण लंडनच्या कोर्टापर्यंत गेलं आणि दोघांनाही परत घ्यावं लागलं. पुढे सरकारने मर्यादाच एकवीसवरून एकोणीसवर आणली. म्हणजे आदल्या वर्षी जो मुलगा 'वेळेत' होता तो एका फर्मानासरशी 'उशिरा' झाला. मुलगा तोच, मेंदू तोच.

असो. आता खरी गोष्ट, ज्या माणसासाठी हे सगळं लिहायला घेतलं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. जन्म 1863 चा, कुलाब्याकडच्या वरसईचा. वडील लहानपणीच गेले. शाळा बदलत बदलत 1882 साली मॅट्रिक. तिथपर्यंत ठीक. पण बी.ए.? ते झाले 1890 साली. मॅट्रिकनंतर आठ वर्षं, वय सत्तावीस.

हा आकडा त्यांच्या आजूबाजूच्या लोकांशेजारी ठेवून बघा. गोपाळ कृष्ण गोखले राजवाड्यांहून तीन वर्षांनी लहान. ते अठराव्या वर्षी बी.ए. झाले होते, आणि 1890 साली, चोविसाव्या वर्षी, फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक होते. टिळकांनी सत्ताविशी गाठण्याआधीच न्यू इंग्लिश स्कूल काढून झालं होतं, 'केसरी' सुरू होता आणि डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून झाले होते. हे कुणी परदेशातले लोक नाहीत. त्याच पुण्यात, त्याच पेठांत रोज दिसणारे. लिऑन फेस्टिंगर ह्या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मांडलं की माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशीच ताडून बघतो. राजाशी कुणी तुलना करत नाही, शेजारच्या बाकावरच्याशी करतो. 1890 च्या पुण्यात राजवाड्यांचा शेजारचा बाक फारच भारी होता म्हणायचा!

आठ वर्षं का लागली? एक कारण सरळ आहे, पैसा. शिक्षणात खंड पडला तो त्यामुळे. दुसरं कारण त्यांनी स्वतः आपल्या शिक्षणाच्या अनुभवांवर लेख लिहून सांगून ठेवलंय, आणि चांगलं तिखट शब्दांत. नेमलेल्या पुस्तकांत त्यांचा जीव रमेना. डेक्कन कॉलेजात असताना ते अभ्यासक्रम बाजूला ठेवून ग्रंथालयातलं स्वतःला हवं ते वाचत राहिले: इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र. परीक्षेच्या हिशोबात ही वर्षं शून्य.

आणि पास झाल्यावर लगेच काही चमत्कार झाला का? नाही. काही वर्षं पुण्यात शिक्षकी केली, ती सुटली. लग्न झालं होतं, पण पत्नी लवकर गेली आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. मग 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं. त्यात प्लेटोच्या 'रिपब्लिक'सारखे ग्रंथ मराठीत आणायला घेतले. तेही फार वर्षं टिकलं नाही. तिसाव्या वाढदिवसाला कुणी त्यांचा रेझ्युमे बघितला असता तर काय दिसलं असतं? उशिराची डिग्री, सोडलेली किंवा सुटणारी नोकरी, आणि घर रिकामं.

मग वाईला त्यांच्या हाती मोडीतल्या जुन्या पत्रांचं घबाड लागलं. 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्याचा पहिला खंड निघाला, 1750 ते 1761 च्या, म्हणजे पानिपतापर्यंतच्या कागदांचा, लांबलचक प्रस्तावनेसह. वय पस्तीस. तोवर मराठ्यांचा इतिहास म्हणजे प्रामुख्याने ग्रँट डफ. आता मूळ पत्रंच समोर आली आणि डफच्या तारखा आणि घटना तपासता येऊ लागल्या. पुढे असे बावीस खंड झाले.

इथे थांबून 'बघा, उशीर झाला तरी हरकत नाही' असं म्हणायचा मोह होतो. पण ते खोटं होईल. 1890 च्या आसपास उशिरा बी.ए. झालेले आणि पुढे कारकुनीत निवृत्त झालेले कितीतरी असतील. त्यांच्यावर कुणी ब्लॉग लिहीत नाही. ही सर्व्हायव्हरशिप बायसची बाब, आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेली. शिवाय राजवाड्यांनी किंमतही मोजली. संसार नाही, स्थिर मिळकत नाही, स्वभाव असा की 1910 साली स्वतः पुढाकार घेऊन काढलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाशीही त्यांचं शेवटपर्यंत पटलं नाही. 1926 साली ते धुळ्यात वारले. गृहकर्जाचा हप्ता आणि आईवडिलांचं औषधपाणी असलेल्या माणसाला हा मार्ग सांगणं म्हणजे चेष्टाच.

मला त्यातून दिसलं ते वेगळंच. 1890 साली 'इतिहास संशोधक' नावाची पायरी कुठल्याच शिडीवर नव्हती. त्यामुळे शिडीवरून बघणाऱ्याला ती आठ वर्षं वाया गेलेली दिसली, आणि तेव्हाच्या मापाने ते बरोबरही होतं. 'मागे पडलो' हे वाक्य अर्धवट आहे. त्याला विचारायला हवं: कुठल्या यादीत, आणि ती यादी कुणी, कशासाठी बनवली? ठाकूरांची यादी लंडनच्या एका ऑफिसने बनवली होती. माझी मी स्वतः, जिलबी खाता खाता.

आणि तपासायची एक साधी खूणही सापडली. उशीर दोन प्रकारचा असतो. एकात त्या वर्षांत काहीतरी साठत असतं, दुसऱ्यात नुसती वर्षं जातात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण आतल्याला कळतं. राजवाड्यांना पत्रं सापडली हे नशीब, पण ती वाचून पानिपताचा अर्थ लावायला लागणारं वाचन आधीच झालेलं होतं. मी मागची तीन वर्षं ह्या चाळणीतून काढून बघितली. दीड वर्ष पहिल्या प्रकारात बसलं. उरलेलं दीड, खरं सांगायचं तर, दुसऱ्या.

मित्राला रात्री मेसेज टाकला, घर छान आहे म्हणून. त्याचं उत्तर आलं: "वीस वर्षांचा हप्ता आहे रे. तुझं बरंय, केव्हाही नोकरी सोडू शकतोस."

म्हणजे तोही यादी करत होता तर. :)